कॉपीप्रमाणे

चिंचवड स्टेशनच्या मागे अण्णासाहेबांचा छापखाना होता. पत्र्याचं छप्पर, पायाने चालवायची दोन ट्रेडल मशीन, भिंतीला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस आणि दारात शाईच्या डब्यांची उतरंड. कारखान्यांची बिलबुकं, गेटपास, कँटीनची कुपनं, सगळं तिथंच छापलं जायचं. मालकाच्या टेबलामागे एक पाटी होती : ‘कॉपीप्रमाणे’. म्हणजे गिऱ्हाईक जे लिहून देईल ते जसंच्या तसं छापायचं. आपलं डोकं चालवायचं नाही.

ही पाटी भीमराजला कधीच पटली नाही.

भीमराज या छापखान्यात खिळे जुळवायला लागला तेव्हा त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. अक्षरं त्याने उलटी शिकली, कारण खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. सुलटी नंतर आली. भाषा त्याहून नंतर आली. एका शाळामास्तरचं इंग्रजी व्याकरण छापायला आलं होतं. ते पुस्तक जुळवता जुळवता त्याने पाठ केलं. कुणी शिकवलं नाही. शिकवायला कोण बसलं होतं? पुढे अण्णासाहेबांच्या लक्षात आलं की हा गडी गिऱ्हाइकाच्या चुका पकडतो, आणि त्यांनी त्याला प्रूफं वाचायला बसवलं. खुर्ची दिली. पगार तोच ठेवला.

खुर्ची मिळाल्यावर भीमराज ताठ झाला. कारखान्याच्या हापिसातले टायपिस्ट टाय लावून बसतात आणि ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकवतात, ते हा पिंपरीच्या वस्तीतला माणूस लाल पेन्सिलीने दुरुस्त करतो. दुरुस्त करताना तो गिऱ्हाइकाला विचारायचा नाही. प्रश्नचिन्ह काढून समासात शंका लिहायची पद्धत आहे, ती त्याला माहीत होती. पण शंका कुणी काढायची? ज्याला खात्री नाही त्याने. भीमराजला खात्री असायची.

वस्तीत त्याच्या शेजारी धोंडीबा राहायचा. कंपनीच्या फाउंड्रीत हेल्पर, भट्टीपाशी उभं राहून त्याच्या भुवया कायमच्या जळून गेलेल्या. त्याची थोरली पोरगी कस्तुरा मॅट्रिक झाली, पिंपरी कँपातल्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकली, आणि दर रविवारी भीमराजच्या ओट्यावर इंग्रजी शिकायला बसायला लागली.

भीमराज शिकवायचा ते त्याच्या पद्धतीने. एका रविवारी त्याने पाटीवर लिहिलं, ‘शी सिंग्स’. मग म्हणाला, “ही, शी, इट आलं की क्रियापदाच्या डोक्यावर एसची टोपी. बरोबर?”

“बरोबर, काका.”

“आता मध्ये कॅन आणू.” त्याने ‘शी कॅन’ लिहिलं. “कॅन, मे, मस्ट, शुड, विल. हे कोण? हे मुकादम. मुकादम समोर उभा राहिला की कामगार काय करतो?”

“टोपी काढतो,” कस्तुरा हसली.

“उघड्या डोक्यानं उभा राहतो. म्हणून शी कॅन सिंग. एस नाही. आयएनजी नाही. मध्ये टू नाही. क्रियापद आपलं मूळ रूपात, बोडकं.”

शेजारच्या घरातून चतुराबाई, कस्तुराची आई, चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “भावजी, तुमच्या इंग्रजीत बी मुकादमच हायेत व्हय? मला वाटलं तिकडं तरी सुटका आसंल.”

“तिकडून तर आले वहिनी मुकादम,” भीमराज म्हणाला.

कस्तुरा हुशार होती, पण तिला प्रत्येक गोष्टीत शंका यायची. पुस्तकात एखादं वाक्य वेगळं दिसलं की विचारायची, हे चुकलं तर नसेल? आणि भीमराजचं उत्तर ठरलेलं : “छापलेलं आहे ना? छापायच्या आधी माझ्यासारखा एक माणूस ते वाचतो. तिथं चूक राहत नाही. तुझं आणि छापलेल्याचं पटलं नाही, तर तुझं तपास.”

हे त्याने एकदा नाही, वर्षभर सांगितलं.

मग पंच्याहत्तर साली धोंडीबाच्या कंपनीने टायपिस्ट-क्लार्कच्या जागा काढल्या. कामगारांच्या मुलामुलींना आधी संधी, असं गेटच्या फळ्यावर लागलं. टायपिंगची परीक्षा आणि इंग्रजीचा लेखी पेपर. धोंडीबाने अर्ज भरला तेव्हा फाउंड्रीतल्या लोकांनी त्याची खेचली. “धोंडीबा, पोरगी हापिसात बसली की तू तिला मॅडम म्हणायचं बरं का!” धोंडीबा म्हणाला, “म्हणंन की. आजवर भलत्या-भलत्यांना साहेब म्हनलं, माज्या पोरीला मॅडम म्हनायला काय जातंय?”

त्याला गंमत वाटत नव्हती. भट्टीच्या धुराने त्याची छाती वाजायला लागली होती. अजून किती दिवस उभं राहवेल ते त्याला ठाऊक होतं, पण घरात बोलला नव्हता. कस्तुराला मात्र ते रोज ऐकू यायचं, पडद्याच्या पलीकडून, खोकल्यातून. ही जागा तिला मिळाली तर बाप भट्टीपासून सुटणार होता. नाही मिळाली तर नाही.

आणि पेपर छापायला आला तो अण्णासाहेबांकडेच.

गोपनीय कामाची अण्णासाहेबांची एक रीत होती. पेपर कुणा एकाच्या हातात पुरा द्यायचा नाही. टाईप केलेला कागद आला की ते स्वतः कात्रीने त्याच्या आडव्या पट्ट्या कापायचे. एक पट्टी खिळे जुळवणाऱ्या एका कंपोझिटरला, दुसरी दुसऱ्याला. प्रूफ वाचायलाही तसंच. एक पट्टी स्वतः वाचायची, एक भीमराजला द्यायची. मग जुळवलेल्या ओळींची पानं स्वतः बांधायची, शेवटचं प्रूफ कंपनीकडे सहीला पाठवायचं आणि सही आली की पट्ट्यांसकट सगळी प्रूफं मागच्या अंगणात जाळायची. रीत चांगली होती. पेपर कधी फुटला नाही.

पण कात्री कागद कापते ती प्रश्न बघून कापत नाही. ‘खालील वाक्ये दुरुस्त करा’ हा प्रश्न आणि त्याखालची वाक्यं अण्णासाहेबांच्या पट्टीत राहिली. शेवटचं एक वाक्य तेवढं खालच्या पट्टीत गेलं. ती पट्टी भीमराजच्या टेबलावर आली. वर एकटी ओळ : ‘शी कॅन सिंग्स’. तिच्याखाली नवा प्रश्न, कँटीनबद्दलचा उतारा, मराठीत भाषांतर करा.

भीमराजने सयाजी कंपोझिटरने जुळवलेलं प्रूफ कॉपीशी ताडून पाहिलं. सयाजीने कॉपीप्रमाणेच जुळवलं होतं. भीमराज हसला.

“सयाजी, बघ. टाय लावून बसतात.”

“काय झालं?”

“कॅनच्या पुढं सिंग्स. मुकादमापुढं टोपी घालून उभा केलाय गड्याला.”

“कॉपीत तसंच हाय ना राव? मग राहू द्या की.”

“आपल्या छापखान्यातून असलं जाणार नाही,” भीमराज म्हणाला. त्याने एसवर आडवी रेघ मारली आणि समासात शेपटीवाली खूण केली, म्हणजे हे अक्षर काढा. सयाजीने चिमट्याने एसचा खिळा उपसला आणि मोकळ्या जागेत कोरा खिळा बसवला. काम झालं. वाक्य बरोबर झालं.

ओळीच्या आधी आकडा होता, त्यावरून हे वरच्या कसल्यातरी यादीचं शेपूट आहे, एवढं त्याला कळलं होतं. यादी कसली, हे उठून अण्णासाहेबांना विचारता आलं असतं. टेबल हाकेच्या अंतरावर होतं. तो उठला नाही.

हा कोणता पेपर आहे हेही त्याला कळलं होतं. म्हणून त्याने एक केलं. त्या रविवारी कस्तुरा पाटी घेऊन आली तेव्हा त्याने तिला परत पाठवलं. “आता तुझं तू वाच. परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे यायचं नाही.” तिला वाईट वाटलं. त्याला स्वतःचा अभिमान वाटला. ओळखीच्या पोरीला एक अक्षर सांगितलं नाही, असा माणूस.

अण्णासाहेबांनी पानं बांधली, चौकट नीट बसली का पाहिलं, मजकूर पुन्हा वाचला नाही. शेवटचं प्रूफ कंपनीच्या पर्सोनेल, म्हणजे नोकरभरतीच्या, खात्यात गेलं. तिथे यशवंतराव नावाचे ऑफिसर होते. पेपर त्यांनीच काढला होता, तपासणारही तेच होते. त्यांनी प्रूफावर ‘छापा’ लिहून सही केली. वाचलं नाही. वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण साहेब लोकांची सही वाचण्याच्या आधी होते, हे आपल्याला नवीन नाही.

परीक्षा कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. निकाल गेटच्या फळ्यावर लागला. कस्तुराचं नाव नव्हतं.

धोंडीबाने पर्सोनेलच्या शिपायाला गाठून विचारलं. शिपाई आत जाऊन आला. टायपिंगमध्ये पोरगी वरच्या नंबरात होती. लेखीत एका मार्काने खाली राहिली.

संध्याकाळी कस्तुरा भीमराजच्या ओट्यावर येऊन बसली. रडून झालं होतं. डोळे कोरडे होते.

“काका, मला एक सांगा. एक वाक्य मला कळलंच नाही. तिथंच माझा मार्क गेला.”

“कुठलं?”

“दुरुस्त करा म्हणून वाक्यं होती. बाकीची सरळ होती. शेवटचं होतं, शी कॅन सिंग.”

भीमराजला आपली लाल रेघ आठवली.

“त्यात दुरुस्त काय करायचं? मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही सांगितलेलं आठवलं, मुकादम, टोपी. मला तर ते बरोबरच वाटत होतं. मी हात वर केला. ते साहेब आले, यशवंतराव. मी म्हटलं, सर, हे वाक्य बरोबर आहे. त्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, पेपरात छापलंय ते बरोबर छापलंय, दुरुस्त करा म्हटलंय तर दुरुस्त कर, खाली बस. सगळे हसले.”

“मग?”

“मग मी म्हटलं, माझंच चुकत असणार. तुम्ही म्हणता ना, तुझं आणि छापलेल्याचं पटलं नाही तर तुझं तपास. शी आहे, म्हणजे एस पाहिजे. मी एस लावला. मुकादम समोर असताना मी टोपी घातली, काका. मला माहीत होतं. तरी घातली.”

शेजारच्या घरात धोंडीबा खोकत होता. भीमराजने लाल पेन्सिल धरायचा हात मांडीखाली घेतला, जणू त्यावर ती रेघ तिला दिसेल.

“बाकीच्यांनी काय लिहिलं?” त्याने विचारलं.

“काही जणांनी आहे तसंच उतरवून काढलं. साहेबांच्या उत्तरांत तेच होतं, शिपाई म्हणाला, म्हणून त्यांना मार्क मिळाला. माझ्या शेजारच्या पोरानं तर वाचलंही नव्हतं. नुसतं खाली लिहून काढलं.”

तेव्हा भीमराजने तिला सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं : पट्टी, एकटी ओळ, रेघ, समासातली खूण. कस्तुरा ऐकत राहिली. मग उठली आणि घरात गेली. थोड्या वेळाने धोंडीबा बाहेर आला.

“भीमराज, खरं हाय का ह्ये?”

“खरं आहे, भाऊ.”

“म्हंजी पेपर तुज्या हाताखालनं गेला, आन् तू पोरीला येक शबुद बोलला न्हाईस. बरं केलंस. इमानदार मानूस.” धोंडीबाला धाप लागली. “आन् वर तिचा परश्न तूच सोडवून ठिवलास. तिला सोडवायला काय शिल्लक ठिवलं न्हाईस. व्वा रं मास्तर.”

“उद्या कंपनीत जातो मी. सांगतो साहेबाला.”

“जा. पर टोपी काढून जा,” धोंडीबा म्हणाला आणि आत गेला.

सकाळी भीमराज आधी अण्णासाहेबांकडे गेला. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“प्रूफं जाळली आहेत,” ते म्हणाले. “कोण म्हणतंय आपण बदललं?”

“मी म्हणतोय.”

“तू गप बस. सही त्यांची आहे. सही झाली की जबाबदारी त्यांची.”

“अण्णासाहेब, पोरगी बरोबर होती.”

“तिनं लिहिलं ते चूक आहे ना? मग चूक ते चूक.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “भीमराज, या कंपनीच्या कामावर आपला छापखाना चालतो. सयाजी आहे, मशीनवाले आहेत, तू आहेस. हे काम गेलं तर मी काय छापू? लग्नपत्रिका? त्या पाटीवर काय लिहिलंय वाच.”

“वाचलंय.”

“वाचलंयस, पण ऐकलं नाहीस कधी. तुला बरोबर करायला ठेवलं नव्हतं. कॉपीप्रमाणे करायला ठेवलं होतं.”

हे खरं होतं. अण्णासाहेब सोबत यायला तयार नाहीत म्हणून त्यांच्यावर भीमराजला रागावता येत होतं, पण हे वाक्य खोडता येत नव्हतं. तो एकटाच निघाला.

पिंपरीच्या हमरस्त्यावर कंपनीचं गेट. सिक्युरिटीवाल्याने बराच वेळ बसवून ठेवलं. यशवंतरावांनी आत बोलावलं तेव्हा खुर्ची समोर होती, पण बस म्हणाले नाहीत. भीमराजने उभ्यानेच सांगितलं. यशवंतरावांनी ड्रॉवरमधून टाईप केलेली मूळ प्रत काढली आणि छापील पेपर तिच्याशेजारी ठेवला. एकात सिंग्स, एकात सिंग. छापील पेपराचं प्रूफ आपणच सही करून पाठवलं होतं, हे त्यांना आठवलं असणार. चेहऱ्यावरून तसं दिसलं.

“मग आता काय म्हणणं आहे तुझं?”

“तो प्रश्न रद्द करा, साहेब. सगळ्यांना त्याचा मार्क द्या. प्रश्नच राहिला नव्हता त्यात. आणि ज्या पोरीनं हात वर करून हेच सांगितलं, तिलाच शिक्षा झाली.”

“पोरीनं उत्तर काय लिहिलंय माहितीये? शी कॅन सिंग्स. हे चूक आहे की नाही?”

“चूक आहे.”

“मग?”

“तिला बरोबर माहीत होतं. तुम्ही म्हणालात पेपर बरोबर आहे.”

“मी परीक्षेत शिकवणी घ्यायला उभा नव्हतो.” यशवंतराव खुर्चीत मागे रेलले. “ठीक. लिहून दे. छापखान्याची चूक आहे असं लेखी दे. इंग्रजीत. वरच्या साहेबांपुढे ठेवावं लागेल.”

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. भीमराज टेबलाच्या कडेला वाकून लिहायला लागला. आयुष्यभर दुसऱ्याचं लिहिलेलं तपासलं होतं, स्वतःचं कधी कुणाकडे पाठवलं नव्हतं. त्याला लिहायचं होतं : आम्ही कॉपी बदलायला नको होती. मराठीत हे मनात अगदी सरळ होतं. इंग्रजीत ‘शुड नॉट’ आलं. पुढे क्रियापद बोडकं, हा त्याचा नियम. पण बोडकं ‘चेंज’ लिहिलं तर अर्थ होतो, आम्ही बदलू नये. ते तर पुढचं झालं. हे झालेलं आहे. झालेलं म्हणजे भूतकाळ. घाईत त्याने ‘चेंज’ला ‘डी’ लावला.

‘वी शुड नॉट चेंज्ड द कॉपी.’

यशवंतरावांनी कागद घेतला, वाचला. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती. त्यांनी ‘चेंज्ड’भोवती एक गोल काढला, सावकाश, पुरा, आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

“शुडच्या पुढे भूतकाळाचं रूप?”

भीमराजने पाहिलं. पाहताक्षणी त्याला कळलं. दुसऱ्याच्या प्रूफात हे त्याला एका नजरेत दिसलं असतं.

“हॅव लागतो मध्ये,” यशवंतराव म्हणाले. “शुड नॉट हॅव चेंज्ड. झाल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर. शुडच्या पुढे मूळ रूप हॅव, आणि हॅवच्या पुढे चेंज्ड. हे तुला येत नाही, आणि तू लोकांचं तपासतोस. पोरीला शिकवतोसही म्हणे?” ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. “मग ती काय लिहिणार दुसरं?”

“माझं इंग्रजी कच्चं आहे, साहेब. पण पेपर चुकला हे खरं आहे. ते तर मराठीतही खरंच आहे.”

“बघतो,” यशवंतराव म्हणाले.

त्यांनी बघितलं ते असं. फळ्यावरची यादी तशीच राहिली. भीमराजचा कागद वर गेला, त्याला छापखान्याची लेखी कबुली म्हणतात, आणि कंपनीचं सगळं छपाईचं काम पुण्याच्या एका प्रेसला गेलं. प्रूफावर सही करणाऱ्याचं नाव कुठेच आलं नाही. एका मार्काचा प्रश्न होता. तेवढा सोडून सगळ्याचा निकाल लागला.

अण्णासाहेबांनी भीमराजला काढून टाकलं नाही. खुर्चीवरून उठवलं. छापून झालेलं काम मोडून खिळे पुन्हा केसमधल्या आपापल्या घरात टाकायचे, हे काम दिलं. नवीन माणूस लागला की त्याला जे पहिलं देतात ते. सयाजी शेजारीच असायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “भीमाभाऊ, मी म्हनलं व्हतं, राहू द्या.” मग स्वतःच ओशाळला आणि त्याने चहा मागवला. भीमराज एसचे खिळे एसच्या घरात टाकत होता. ते घर मोठं असतं. इंग्रजीत एस फार लागतो.

तो कस्तुराकडे गेला नाही. काय तोंडाने जाणार? रविवारी ओट्यावर बसायचंही त्याने सोडलं. घरात पाठ करून पडायचा.

एका रविवारी तीच आली. पाटी घेऊन आली होती.

“काका, बाहेर या.”

“माझ्याकडं शिकून काय करशील? मला येत नाही. तुला कळलं असेलच.”

“कळलं. आमच्या अप्पांना कंपनीतल्या शिपायानं सांगितलं. फाउंड्रीत सगळ्यांना सांगितलं त्यानं, मास्तरच नापास झाला म्हणून.” ती ओट्यावर बसली. “मी शिकायला नाही आले. तपासायला आले. लिहा.”

“काय लिहू?”

“तेच. मी ते बदलायला नको होतं.”

भीमराज बाहेर आला. शेजारच्या दारातून चतुराबाई बघत होती, पण या वेळी तिने चहा आणला नाही. त्याने पाटी घेतली. ‘आय शुड नॉट’ लिहिलं. थांबला. मग ‘हॅव’ लिहिलं, मग ‘चेंज्ड इट’. पाटी तिच्याकडे फिरवली.

तिने एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. हॅववर बोट थांबलं.

“याच्यावर टोपी नाही,” ती म्हणाली. “मुकादम समोर आहे म्हणून.”

“हो. कुणी का असेना, आय असो, शी असो. तिथं हॅवच.”

“बरोबर आहे,” कस्तुरा म्हणाली. “आता माझं लिहा.”

“तुझं काय?”

तिने पाटी स्वतःकडे ओढून घेतली आणि स्वतःच लिहिलं. मी कागदाचं ऐकायला नको होतं. तिनेही हॅव घातला. मग पाटी त्याच्यासमोर धरली आणि वाट बघत राहिली.

भीमराजने वाचलं. खात्री होती, तरी दोनदा वाचलं.

“हे मी तुला शिकवलं होतं,” तो म्हणाला. “कागदाचं ऐकायचं, हे.”

“वाक्य बरोबर आहे का ते सांगा.”

“बरोबर आहे.”

ती उठली. पाटी पुसली नाही, तशीच ओट्यावर ठेवली. जाताना म्हणाली, “उद्यापास्नं आकुर्डीला जातेय. पॅकिंगला. रविवारी ओव्हरटाइम असतो त्यांच्याकडं, म्हणून येणार नाही.”

धोंडीबा त्या आठवड्यातही रात्रपाळीला भट्टीवर गेला. पाटी बरेच दिवस ओट्यावर तशीच पडून राहिली. भीमराजला ती पुसवली नाही, आत घेववली नाही. वाऱ्याने, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी तिच्यावरचा खडू हळूहळू उडत गेला.